मदत हवी आहे: शुभेच्छा आपोआप जाव्यात, पण आधी कुणीतरी बघून

दहावी_१९७८: नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचं काम मी बघतो. १८४ सभासदांची यादी गुगल शीटमध्ये आहे: नाव, ईमेल, जन्मतारीख, लग्नाची तारीख. भाच्याने स्क्रिप्ट लिहून दिली, रोज सकाळी शुभेच्छांचा ईमेल जातो. मागच्या महिन्यात आमच्या एका वर्गमित्राला लग्नाच्या वाढदिवसाचा ईमेल गेला. तो मित्र जानेवारीतच वारला होता. ईमेल उघडला त्याच्या पत्नीने. मी घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा करून दिला, पण मला तो घोट गिळवेना. स्क्रिप्ट बंद केली आहे. आता कुणीतरी आधी बघेल आणि मगच ईमेल जाईल अशी सोय कशी करावी? शिवाय काहींना ईमेल भलत्याच तारखेला जातात, काहींना जातच नाहीत.

कोथरूडकर: सोपं आहे. स्क्रिप्टमध्ये `sendEmail` च्या जागी `createDraft` लिहा. मसुदे जीमेलमध्ये पडून राहतील, तुम्ही वाचून पाठवा.

मीठभाकर: आमच्या भिशीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकीने कसलंसं ॲप लावून रोज मेसेज सोडले, तिचा नंबरच बंद झाला. जपून हो.

दहावी_१९७८: ताई, आमचं ईमेलवरच चालतं. कोथरूडकर, मसुदे करून पाहतो.

शीटवाला: मसुद्यांची युक्ती चालते, पण सकाळी प्रवासात असलात तर शुभेच्छा दुसऱ्या दिवशी जाते. त्यापेक्षा काम दोन वेळांत विभागा. संध्याकाळी स्क्रिप्टने उद्याची नावं ‘उद्या’ नावाच्या वेगळ्या पानावर काढावीत. प्रत्येक ओळीत तयार मजकूर, एक रिकामा चेकबॉक्स आणि ‘पाठवले’ असा रिकामा रकाना. पानाची लिंक तुम्हाला ईमेलने यावी. सकाळच्या स्क्रिप्टने फक्त टिक केलेल्या ओळी पाठवाव्यात:

```
if (row[3] === true && row[4] === '') {
  GmailApp.sendEmail(row[1], 'शुभेच्छा', row[2]);
  sheet.getRange(i + 1, 5).setValue(new Date());
}
```

‘पाठवले’मध्ये वेळ नोंदवली नाही, तर स्क्रिप्ट पुन्हा चालल्यावर त्याच माणसाला दुसरा ईमेल जाईल. ट्रिगरला ७ ते ८ दिलंत तर तो त्या तासात कधीही चालतो, म्हणून टिक रात्रीच करून ठेवा.

कोथरूडकर: आणि टिक करायची राहिलीच तर? ९ वाजेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही की आपोआप जाऊ दे.

शीटवाला: नको. मग तपासणीला अर्थच राहत नाही. तपासणारा आजारी असेल त्या दिवशी हीच चूक पुन्हा होईल. टिक नाही तर ईमेल नाही. शुभेच्छा उशिरा गेली तर फोन करून सावरता येतं. हवं तर तपासायला दोघं ठेवा.

तारखांचं दुखणं वेगळं असावं. जन्मतारखेचा रकाना बघा, काही तारखा डाव्या कडेला चिकटल्यात का?

दहावी_१९७८: हो! २५/०८/१९६२ डावीकडे आहे, ०५/०८/१९६२ उजवीकडे. ज्याला ५ ऑगस्टला शुभेच्छा जायला हवी, त्याला ८ मे रोजी गेली होती.

शीटवाला: म्हणजे शीट अमेरिकन पद्धतीने महिना आधी वाचतेय. २५वा महिना नसतो, म्हणून ती तारीख नुसता मजकूर राहिली आणि स्क्रिप्टला सापडलीच नाही. दिवस १२ किंवा त्याआधीचा असला की तारीख गुपचूप उलटते, आणि दिसायला अगदी बरोबर दिसते. File > Settings मध्ये Locale बदलून India करा, मग मूळ यादीवरून तारखा पुन्हा भरा. नुसतं Locale बदलून आधी उलटलेल्या तारखा सुधारत नाहीत.

निवृत्त_गुरुजी: एक सांगू का? तुमच्या यादीत १ जून किती आहेत मोजा. आमच्या वेळी खेड्यात दाखला नसला की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकायचे. मी स्वतः तसा आहे. आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा.

दहावी_१९७८: गुरुजी, आत्ता मोजले. २३ निघाले! एका दिवशी २३ ईमेल जातात तर.

शीटवाला: साध्या जीमेल खात्यावर स्क्रिप्टमधून दिवसाला १०० जणांना पाठवता येतं, तेव्हा ते अडणार नाही. पण या २३ जणांना खरी तारीख विचारा, वेगळ्या रकान्यात ठेवा.

निवृत्त_गुरुजी: ज्यांना माहीतच नाही त्यांचं काय?

मीठभाकर: त्यांना १ जूनलाच द्या की. माझे सासरे त्याच दिवशी पेढे वाटायचे.

दहावी_१९७८: विचारून बघतो. आणखी एक अडचण. माणूस गेल्याची खबर यादीपर्यंत पोचणार कशी? ‘स्थिती’ असा रकाना केला आहे, तपासायला गावातला एक मित्र तयार झाला आहे. पण परदेशात ३१ जण आहेत, त्यांचं आम्हाला महिनोन्‌महिने कळत नाही. लग्नाच्या वाढदिवसाचे ईमेल तूर्त बंदच ठेवतो. कुणाच्या मंडळात यावर काही केलं असेल तर कृपया लिहा.