प्रतिसाद: प्रेक्षकांनी टाकलेली सबटायटल्स

"माझ्या २०१८ च्या व्हिडिओवर कुणीतरी चुकीची इंग्रजी सबटायटल्स टाकलीत. मला न विचारता! कशी काढू?"

प्रेक्षकांनी दुसऱ्याच्या व्हिडिओला सबटायटल्स घालायची सोय यूट्यूबने २८ सप्टेंबर २०२० ला बंद केली, त्यामुळे नवी कुणी घालू शकणार नाही. पण आधी प्रसिद्ध झालेली तशीच राहिली, ती आपणच काढायची. Studio मध्ये Subtitles उघडा, व्हिडिओ निवडा आणि इंग्रजीच्या ओळीतल्या तीन टिंबांवरून ती काढून टाका.

एक गोष्ट मात्र सुटते. माझ्या पुरणपोळीच्या व्हिडिओत 'जायफळ'चं 'वेलची' झालं होतं. सबटायटल्स काढली, तरी कुणीतरी केलेलं इंग्रजी शीर्षक परदेशातल्या मावशीला दिसतच होतं. शीर्षक-वर्णनाचा अनुवाद शेजारच्या रकान्यात वेगळा असतो, तोही काढा. मग यूट्यूबची भाषा इंग्रजी करून स्वतः बघा.