हातमोजे ‘कधी कधी’ की ‘३ ते ५ वेळा’?

कळंबचा विद्यार्थी: फवारणी करताना लोक हातमोजे घालतात का, याची तीन गावांत मिळून ८० जणांची पाहणी करतोय. मी पर्याय ठेवले होते: नेहमी, बरेचदा, कधी कधी, कधीच नाही. सर म्हणतात, शब्द काढा, हंगामात किती वेळा ते विचारा: ०, १ ते २, ३ ते ५, ६ किंवा जास्त. काय ठेवू?

आकडेवाला: सरांचं बरोबर आहे. ‘कधी कधी’ माझं वेगळं, तुमचं वेगळं. तीन म्हणजे सगळ्यांचे तीनच. शब्दांची सरासरी काढून तुम्ही काय सिद्ध करणार?

जुना पाहणीवाला: तीन सगळ्यांचे तीनच, पण किती पैकी तीन? एका शेतकऱ्याची चार एकर पऱ्हाटी आहे. हंगामात त्यानं ६ वेळा फवारलं, सहाही वेळा हातमोजे घातले. दुसरा मजूर, ४० दिवस लोकांच्या वावरात फवारतो, त्यातले ८ दिवस हातमोजे. सरांच्या पर्यायांत दोघंही ‘६ किंवा जास्त’मध्ये बसतात, आणि ३२ दिवस उघड्या हातानं फवारणारा माणूस तुमच्या तक्त्यात सुरक्षित दिसतो. शब्दांत विचारलं असतं तर पहिला ‘नेहमी’ म्हणाला असता, दुसरा ‘कधी कधी’. शब्द वापरताना माणूस मनातल्या मनात ‘एकूण किती पैकी’ हे धरतो.

तरी शब्दांवर गावांची तुलना करू नका. ज्या गावात कोणीच हातमोजे घालत नाही, तिथं दोनदा घालणाराही ‘बरेचदा’ म्हणतो. आजूबाजूला काय चालतं, त्यावर तो शब्द ठरतो.

आकडेवाला: मग आकडे मोठे करा. १० पर्यंत, ११ ते २०, २१ ते ३०. प्रश्न संपला.

जुना पाहणीवाला: नाही संपत. छापलेला आकडाही उत्तर हलवतो. जर्मनीतला १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. रोज टीव्ही किती पाहता, एवढाच प्रश्न. काहींना ‘अर्ध्या तासापर्यंत’पासून सुरू होणारे पर्याय दिले, काहींना ‘अडीच तासांपर्यंत’पासून. पहिल्या गटात अडीच तासांहून जास्त पाहतो म्हणणारे १६.२ टक्के निघाले, दुसऱ्यात ३७.५. कारण कोणी टीव्हीचे तास मोजून ठेवलेले नसतात. आठवत नाही तेव्हा माणूस मधला पर्याय चारचौघांचा समजतो आणि त्याच्या आसपास बोट ठेवतो. फवारणीचंही तेच होईल.

म्हणून पर्याय छापूच नका. दोन प्रश्न करा: पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत किती दिवस फवारलं? त्यातले किती दिवस हातमोजे होते?

रोजीवाला: भाऊ, मी सोता फवारतो. हातमोजे मालकानं देले त घालतो, नाही देले त काहून इचारता? अन् आमी दिवस नाही मोजत, पंप मोजतो, पैसे पंपावर भेटतात. सकाऊन घातले, दुपारी घामानं हात शिजले का काढून फेकले. तो दिवस घातला धरायचा का नाही धरायचा? औषध कालवतानी त कोनीच घालत नाही, झाकनच नाही उघडत मोज्यानं.

गावातली आशा: या दादांचं ऐका. आणि सर, किती दिवस असं विचारलं की लोक १०, १५, २० सांगतात. तेरा कोणी सांगत नाही. तो आकडा म्हणजे अंदाजच. शब्द तरी खरे असतात.

मधला रस्ता आहे. एचएफआयएएस या अन्नटंचाईच्या प्रश्नावलीत मुदत ‘गेले चार आठवडे’ अशी बांधून दिली आहे, आणि शब्दांना आकडा जोडलाय: क्वचित म्हणजे एकदा-दोनदा, कधी कधी म्हणजे तीन ते दहा वेळा, बरेचदा म्हणजे दहाहून जास्त. आजीबाई शब्दात बोलते, आपण दोन-तीन प्रश्न विचारून योग्य खूण करायची.

जुना पाहणीवाला: ताई, गोल आकड्यांचं मान्य. शंभरात नेमके किती हे त्यातून मिळणार नाही. निम्म्याहून कमी की जास्त, एवढं कळेल. पण जोडलेला शब्दही ‘किती पैकी’ सांगत नाही. उपाशी झोपण्याच्या प्रश्नाला ते चालतं, कारण चार आठवड्यांच्या रात्री सगळ्यांच्या सारख्याच. फवारणीचे दिवस तसे नाहीत.

गावातली आशा: आणि ज्याला एकूण दिवसच आठवत नाहीत, त्याचं काय लिहायचं? अशी निम्मी माणसं निघतील.

कळंबचा विद्यार्थी: सरांशी बोललो. आता फक्त शेवटची फवारणी विचारतो: किती पंप मारले, हातमोजे कोणत्या पंपापर्यंत होते, औषध कालवताना होते का. सर म्हणतात, एका दिवसावरून एका माणसाची सवय कळत नाही.

जुना पाहणीवाला: एकाची नाही कळत, पण ८० जणांचे शेवटचे दिवस एकत्र केले की गावात काय चालतं ते बऱ्यापैकी दिसतं. मजुरांचा तक्ता वेगळा ठेवा.

रोजीवाला: अन् मोजे कोनं देले, हे बी लिहून ठेवजा.