शब्द सुचवा: वीर्यतपासणीच्या तक्त्यात 'आकारमान', 'आकार' आणि 'नॉर्मल'

विट्याची समुपदेशक
मूल राहत नाही म्हणून आमच्या दवाखान्यात येणाऱ्या जोडप्यांना वीर्यतपासणीचा रिपोर्ट समजावून सांगायचं काम माझ्याकडे आहे. रिपोर्ट इंग्रजीत असतो. नवरा-बायको दोघंही शेवटी एवढंच विचारतात, "मॅडम, नॉर्मल आहे ना?" म्हणून पानभर मावेल असा मराठी तक्ता करतेय. डावीकडे काय मोजलं, मध्ये तुमचं किती, उजवीकडे कशाशी ताडून बघायचं.

अडचण शब्दांची आहे. शाळेच्या पुस्तकातले शब्द घेतले तर वर 'आकारमान' आणि खाली 'आकार' येतो. एका दादांनी दोन्ही एकच धरलं आणि बायकोसमोर "म्हणजे माझा आकार कमी आहे का?" असं विचारलं. उजवीकडे 'संदर्भमूल्य' लिहिलं, तर ते कुणी वाचतच नाही.

नाव-गाव काढून एक रिपोर्ट देते. १.२ मिली. दर मिलीत २८ मिलियन. हालचाल ३६ टक्के, त्यात पुढे जाणारे २४. आकाराने ठीक ३ टक्के. लॅबने शेजारी छापलेलं नॉर्मल असं: २ मिली, २० मिलियन, ५० टक्के आणि आकाराला ३०.

तासगावचे मास्तर
ताई, 'आकारमान' शास्त्रशुद्ध आहे, पण तुमच्या कामाचं नाही. सरळ 'किती मिली' लिहा. आणि यांचं संख्येचं खातं तरी पास आहे की, २० हव्यात आणि आहेत २८. तिथे 'ठीक' लिहून मोकळ्या व्हा.

मिरजेची लॅबवाली
'किती मिली' एकदम मान्य. पण मास्तर, 'ठीक' लिहायची घाई नको. २८ ही दर मिलीतली संख्या. डबीत आहेत १.२ मिली, म्हणजे एकूण ३३.६ मिलियन. एकूण संख्येची मर्यादा ३९ आहे. दर मिलीत बघितलं तर वर, एकूण बघितलं तर खाली. म्हणून 'संख्या' अशी एकच ओळ ठेवू नका, 'दर मिलीत' आणि 'एकूण' अशा दोन करा.

त्या लॅबचं नॉर्मल जुनं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या नव्वदच्या दशकातल्या आवृत्तीतले आकडे आहेत ते. २०२१ च्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे तक्ता असा होईल. आपल्याकडे मिलियन कुणाला उमगत नाही, म्हणून कोटीत मांडते:

| काय बघितलं | यांचं | खालची मर्यादा |
|---|---|---|
| किती मिली | १.२ | १.४ |
| दर मिलीत शुक्रजंतू | २.८ कोटी | १.६ कोटी |
| एकूण शुक्रजंतू | ३.३६ कोटी | ३.९ कोटी |
| हालणारे, सगळे मिळून | ३६ टक्के | ४२ टक्के |
| त्यातले पुढे सरकणारे | २४ टक्के | ३० टक्के |
| ठेवण चांगली असलेले | ३ टक्के | ४ टक्के |

आता जुन्या रकान्याशी ताडा. 'आकार ३०' च्या शेजारी ३ दिसले की माणूस खचतो. खरं तर मर्यादा ४ ची आहे.

कराडकर
माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं. टायफॉइड होऊन महिना झाला नव्हता तोवर तपासणी केली, रिपोर्ट फारच वाईट आला. घरात कुणी कुणाशी बोलेना. तीन महिन्यांनी परत केली तर बराच फरक. मिरजेत ही तपासणी चांगली कुठे होते ते सांगा, चुलतभावाला न्यायचंय.

विट्याची समुपदेशक
दादा, इथे शब्दांचं चाललंय, लॅबचं नाव नाही सांगता येणार. पण तुमच्या भावाचं उदाहरण कामाचं आहे. तक्त्याच्या वर एक ओळ घालते: 'गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप?'

मिरजेची लॅबवाली
जरूर घाला. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, तापाचा परिणाम तेवढा काळ दिसत राहतो. आणखी दोन प्रश्न हवेतच. किती दिवस संबंध नव्हता? ते २ ते ७ दिवस असावेत. आणि सगळा नमुना डबीत आला का? १.२ मिली बघून माझ्या मनात पहिली शंका तीच आली. सुरुवातीच्या थेंबांतच जंतू जास्त असतात. तेच बाहेर सांडले तर मिलीही कमी येतात आणि संख्याही. पुरुष हे लाजेनं आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. या माणसाचा निष्कर्ष मी दुसऱ्या नमुन्यापर्यंत लिहिणार नाही.

फलटणची आशाताई
आमच्याकडे न हालणाऱ्यांना सरळ 'मेलेले' म्हणतात. ६४ टक्के मेलेले असं लिहिलं तर लगेच कळेल.

मिरजेची लॅबवाली
ताई, तो शब्द तेवढा टाळा. न हालणारा जंतू जिवंत असू शकतो. हालचाल ४० टक्क्यांच्या खाली गेली की आम्ही रंग टाकून बघतो. काळसर पार्श्वभूमीवर जिवंत पांढरे राहतात, मेलेल्यांच्या डोक्यात गुलाबी रंग शिरतो. ही तपासणी या रिपोर्टात नाही, म्हणून 'न हालणारे' एवढंच लिहायचं. तिसरा गट जागच्या जागी वळवळणाऱ्यांचा. यांच्यात ते १२ टक्के आहेत. 'वळवळणारे' हा शब्द लोक पटकन धरतात.

फलटणची आशाताई
बरं, 'न हालणारे' लिहू. पण 'ठेवण चांगली' ३ टक्के म्हणजे ९७ वाकडे. मग मूलही तसंच होणार का, हे सासू विचारणारच.

मिरजेची लॅबवाली
विचारतातच. डोकं, मान, शेपूट यांची मापं फार कडक लावतात, जरासा फरक पडला तरी तो जंतू बाद होतो. बाळाच्या व्यंगाशी या टक्क्याचा संबंध लावायचा नाही, हे तक्त्याखाली स्पष्ट लिहा. 'ठेवण' मला म्हणून बरा वाटतो, की त्यात लहान-मोठेपणा येत नाही.

तासगावचे मास्तर
'ठेवण' चेहऱ्याची असते. 'घडण' बघा. आणि 'खालची मर्यादा' पेक्षा 'किमान' सुटसुटीत नाही का?

मिरजेची लॅबवाली
'किमान' म्हटलं की त्याखाली मूल होतच नाही असा अर्थ निघतो. हे आकडे कुठून आले ते बघा. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने मोजले. शंभरात सगळ्यात कमी भरलेले पाच जिथे संपतात, तिथे रेघ ओढली. म्हणजे रेघेखालचे ते पाचही बाप झालेलेच. आणि रेघेच्या वर असून मूल न होणारेही असतात.

विट्याची समुपदेशक
मग मथळाच 'बाप झालेल्यांमधली खालची मर्यादा' असा ठेवला तर?

तासगावचे मास्तर
लांब आहे, रकान्यात मावणार नाही. आणि 'बाप झालेल्यांमधली' हे मूल नसलेल्याला वाचताना लागेल.

मिरजेची लॅबवाली
लागेल हे खरं. पण 'नॉर्मल' जास्त लागतं, कारण आपण ॲबनॉर्मल आहोत असंच माणूस घेऊन जातो. वर 'खालची मर्यादा' आणि तिचा खुलासा तळाशी दोन ओळींत, असं मी करीन.

विट्याची समुपदेशक
तसंच करते. 'ठेवण' आणि 'घडण' दोन्हीचे तक्ते छापून या आठवड्यात दाखवते, कुठला विचारावा लागत नाही ते बघू. या जोडप्याला आज एवढंच सांगितलं की नमुना सांडला होता का ते आठवा, आणि चार दिवस थांबून परत द्या. ते म्हणाले, "थोडं सांडलं होतं, पण सांगायचं असतं हे माहीत नव्हतं."