अळूवडीच्या वर्णनात चुकीची स्पेलिंगं घालावीत का?

सुगरणकट्टा
अळूवडीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकतेय. लोक alu vadi, aluwadi, aloo wadi, आळूवडी, अलुवडी असं काहीही लिहून शोधतात. हे सगळं खालच्या वर्णनात यावं, पण वाचणाऱ्याला 'बाईंना लिहिता येत नाही' असंही वाटू नये. कसं जमवायचं? की जमवूच नये?

ऱ्हस्वदीर्घ
जमवूच नये. 'अलुवडी' आपणच लिहायला लागलो तर उद्या मुलांना तेच बरोबर वाटेल. ज्याला खायचीय तो शोधत येईल.

वायफळ
एवढा विचार कशाला? चुकीचं टाकलं तरी यंत्राला कळतं. इंग्रजीत अर्धामुर्धा शब्द मारला तरी गूगल नीट दाखवतो की.

पडद्यामागचा
@वायफळ, इंग्रजीपुरतं खरं. रोमन लिपीतल्या मराठीला ठरलेलं स्पेलिंगच नाही, मग यंत्र दुरुस्त करणार कशाला धरून? aloo wadi लिहिलं तर त्याच्या लेखी त्यात चूक काहीच नाही. aloo म्हणजे बटाटा, ते तुम्हाला बटाट्याकडे नेणार.

ताई, यातली प्रत्येक 'चूक' वेगळ्या जातीची आहे. alu vadi ही चूकच नव्हे, लिप्यंतर आहे. आळूवडी हा बोलण्यातला उच्चार. aloo हा खराखुरा गैरसमज. अलुवडी ही मात्र ळ टाळून केलेली टाइपिंग. पहिल्या तिघांना वाक्यात काहीतरी काम देता येतं, चौथ्याला येत नाही. मी असं लिहीन:

> कोकणी पद्धतीची अळूवडी, Alu Vadi. काळ्या देठाच्या पानांना बेसन आणि चिंचगुळाचं सारण लावून उंडे वाफवलेत, मग काप तळलेत. काही घरांत हिला आळूवडी म्हणतात, गुजरातेत याच पानांचं पात्रा होतं. aloo wadi शोधत आला असाल तर यात बटाटा नाही, ही अळूच्या पानांची वडी आहे.

पुढे साहित्य-कृतीत सगळीकडे फक्त 'अळूवडी'. एका ओळीत अळू आणि पुढच्या ओळीत आळू, तेही काही न सांगता, असं झालं की लिखाण गबाळं दिसतं. उरलेली aluwadi, अलुवडी टॅगच्या रकान्यात टाका, तिथे 500 अक्षरं मावतात. टॅगचा एरवी फारसा उपयोग नाही, पण नेहमी चुकीचं लिहिलं जाणारं नाव असेल तर होतो, असं यूट्यूबच्या मदतपानावरच आहे. तीच यादी वर्णनाच्या तळाशी चिकटवली तर ते स्पॅममध्ये धरतात.

ऱ्हस्वदीर्घ
'काही घरांत म्हणतात' हे पटलं, ती माहितीच आहे. बटाट्याची ओळ मात्र ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. मराठी माणसाला अळू कळत नाही होय?

पडद्यामागचा
मराठी माणसाला कळतं, हिंदीवाल्याला नाही. तरी अंदाजाने नका ठेवू. स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये यूट्यूब सर्चमधून आलेल्यांनी काय शब्द टाकला ते दिसतं. तिथे aloo असेल किंवा कॉमेंटीत 'बटाटा कधी घालायचा' असं कुणी विचारलं असेल तर ओळ ठेवा. नसेल तर काढा. जुन्या व्हिडिओंचे शब्दही बघून घ्या.

केटररदादा
माझ्या मेन्यू कार्डावर 'कोथींबरी वडी' छापून आलंय. पाचशे कार्डं आहेत. म्हणजे चालवून घेऊ ना?

वायफळ
दादा, कार्डावर कोण शोधाशोध करतंय! पुन्हा छापा.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात उलटी गंमत. Xacuti हे स्पेलिंग बरोबर आहे, पण वाचणारा 'झॅकुटी' म्हणतो आणि ज्याने फक्त ऐकलंय तो shakuti शोधतो. होमस्टेच्या वर्णनात मी लिहिते, "चिकन Xacuti, म्हणायचं शाकुती (shakuti), भाजलेलं खोबरं आणि खसखस घालून." पाहुण्यांना उच्चार कळतो, शोधणाऱ्याला शब्द सापडतो.

माझी अडचण नावाची आहे. आमची स्वयंपाकीण D'Souza लिहिते, लोक Dsouza नाहीतर Desouza टाइप करतात. तेही असंच वाक्यात घालू का?

पडद्यामागचा
माणसाच्या नावाला हात लावू नका. ती लिहिते तसंच ठेवा. De Souza लिहिणारं दुसरं घर असू शकतं.

मांडवीकाठ
पण होमस्टेच्या पानाला टॅगचा रकानाच नाही! तिच्या हातचं जेवायला म्हणून नाव शोधत येणाऱ्यांनी काय करायचं? तिलाच विचारते, तिची हरकत नसेल तर 'Dsouza बाईंचं जेवण' असं एकदा लिहीन.

ऱ्हस्वदीर्घ
तिने हो म्हटलं तरी मला ते खटकेलच.

सुगरणकट्टा
जुन्या व्हिडिओंचं पाहिलं. aloo wadi आहे, पण त्याहून जास्त लोक patra लिहून आलेत, ते माझ्या डोक्यातच नव्हतं. बटाट्याची ओळ राहू देते, पात्रा पहिल्या वाक्यात घेते. ऱ्हस्वदीर्घ, अलुवडी वर्णनात येणार नाही, टॅगमध्ये येईल.

ऱ्हस्वदीर्घ
टॅग मला दिसत नाहीत, तेव्हा माझं काही म्हणणं नाही. पण पात्रा आणि अळूवडी एकच असं लिहू नका, दोन्हींचं सारण वेगळं असतं.