ऑफिसच्या वायफायवर स्वतःचा फोन: साहेबांना काय दिसतं, आणि त्यांनी बघावं का?

संत्र्याची_फोड: नागपुरात आयटी पार्कजवळच्या एका छोट्या कंपनीत आहे. काल एचआरच्या मॅडमनी विचारलं, "दिवसभर नोकरीच्या अ‍ॅपवर असता का?" फोन माझा, फक्त वायफाय ऑफिसचं. मग व्हॉट्सअ‍ॅपही वाचत असतील का? आणि हे असं बघणं बरोबर आहे?

धरमपेठकर: बरोबरच आहे. नेट त्यांचं, बिल त्यांचं. त्या लाइनवरून कोणी भलतंसलतं केलं तर पोलीस कंपनीच्या दारात येतील, तुमच्या नाही. आणि मेसेज, फोटो सगळं दिसतं भाऊ. म्हणून मी इन्कॉग्निटोच वापरतो.

राऊटरवाला_काका: बिलाचं मान्य, बाकी नाही. इन्कॉग्निटोमुळे तुमच्या फोनमध्ये हिस्ट्री राहत नाही एवढंच, फायरवॉलला त्याने काही फरक पडत नाही. मेसेज मात्र ऑफिसला वाचता येत नाहीत. ते फोनमधूनच कुलूप लागून निघतात.

मी अशाच एका ऑफिसची फायरवॉल सांभाळतो. नोंद साधारण अशी असते, साइटचं नाव बदललंय:

```
13:22:41 user=emp0147 host=jobs.example.com sent=38KB rcvd=2.1MB
```

वेळ, माणूस, साइट, किती डेटा गेला, किती आला. साइटवरचं कुठलं पान उघडलं ते नाही. फोन साइटशी जोडणी करताना पहिल्याच निरोपात तिचं नाव बहुतेक वेळा उघडं पाठवतो, कुलूप त्यानंतर लागतं. तेवढंच आमच्या हाती येतं.

बर्डी_एक्सप्रेस: पण हल्ली फोन वायफायला खोटा मॅक अ‍ॅड्रेस देतो ना? मग हा फोन कोणाचा ते कसं कळणार?

राऊटरवाला_काका: फोन खोटा अ‍ॅड्रेस देतो, हे खरं. पण वायफायला तुम्ही एम्प्लॉयी आयडी टाकून लॉगिन केलंत की आयडीच नोंदीत येतो. सगळ्यांना एकच पासवर्ड असता तर तुमचा मुद्दा चालला असता.

संत्र्याची_फोड, आयटीवाल्याकडून त्या दिवसाच्या सगळ्या ओळी मागून बघा.

संत्र्याची_फोड: मागितल्या, दिल्या बिचाऱ्याने. सकाळी 10:05 ते संध्याकाळी 6:10, एकूण 31 ओळी. बहुतेक पंधरा-पंधरा मिनिटांनी, तीन ते सहा केबीच्या. एकच मोठी, 1:22 ची, 2.1 एमबी.

राऊटरवाला_काका: मग त्या तीस ओळी अ‍ॅपच्या आहेत, तुमच्या नाहीत. फोन खिशात असतानाही अ‍ॅप ठरावीक वेळाने सर्व्हरला "काही नवीन?" विचारून येतं. माणूस बोटाने चाळतो तेव्हा लोगो, फोटो, याद्या एकदम उतरतात, आकडा एमबीत जातो आणि वेळा इतक्या नेमक्या पडत नाहीत. मॅडमनी ओळी मोजल्या, आकार पाहिलाच नाही. 1:22 ला काय होतं पण?

संत्र्याची_फोड: डबा खाताना उघडलं होतं. खोटं काहून बोलू.

धरमपेठकर: घ्या! म्हणजे शोधून राहिलाच होता ना?

वकिली_बाणा: जेवणाच्या सुट्टीत शोधणं हा काही गुन्हा नव्हे. मात्र 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कारणांसाठी, कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरायची मुभा आहे. कोण नोकरी शोधतंय हे त्यात बसतं का, यावर मी पैज लावणार नाही.

मिहानची_ताई: आमच्याकडे ऑफिसच्या मेलसाठी फोनमध्ये काहीतरी प्रोफाइल टाकायला लावलं. माझे घरचे फोटोही बघतात का हो?

राऊटरवाला_काका: ताई, हा वायफायचा प्रश्न नाही, पण चांगला काढलात. अँड्रॉइडवर ऑफिसचे अ‍ॅप वेगळ्या वर्क प्रोफाइलमध्ये असतील, म्हणजे आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसत असेल, तर घरचे फोटो त्यांच्या हद्दीबाहेर आहेत. बघायचं ते सर्टिफिकेट. सेटिंग्जच्या शोधात `Trusted credentials` टाका आणि `User` टॅब उघडा. आयफोनवर `General` मध्ये `VPN & Device Management`. तिथे ऑफिसचं रूट सर्टिफिकेट असेल तर फायरवॉल तुमच्या नि साइटच्या मध्ये बसून ब्राउझरमधली पानंसुद्धा उघडून वाचू शकते. अँड्रॉइड 7 पासून बहुतेक अ‍ॅप असं वरून टाकलेलं सर्टिफिकेट मानत नाहीत. म्हणून ब्राउझर सुरळीत चालतो आणि एखादं अ‍ॅप फक्त ऑफिसच्याच वायफायवर रुसतं, तेव्हा मी आधी तिकडे बघतो.

धरमपेठकर: एवढ्या भानगडीपेक्षा व्हीपीएन लावा.

राऊटरवाला_काका: लावा. मग साइट दिसणार नाहीत, पण व्हीपीएन चालू आहे आणि त्यातून किती एमबी गेले हे दिसेल. आमच्याकडे तेवढ्यावरही मेल येतो.

संत्र्याची_फोड: `User` टॅब रिकामा आहे. अ‍ॅपचा बॅकग्राउंड डेटा बंद केला. त्या 31 ओळी आकारासकट मॅडमना दाखवाव्यात म्हणतोय, पण मग 1:22 ची पण दाखवावी लागेल.

धरमपेठकर: दाखवू नका.

वकिली_बाणा: दाखवा. त्यांच्याकडे ती आहेच.