प्रतिसाद: ११ महिन्यांचा करार आणि नोंदणी

> ११ महिन्यांचाच करार आहे, नोटरी पुरे. लॉक-इन, दुरुस्ती सगळं लिहिलंय, पोलीस व्हेरिफिकेशनही झालंय.

महाराष्ट्रात नाही पुरत. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. म्हणजे गळका नळ कोणी दुरुस्त करायचा, लॉक-इन सहा महिन्यांचं होतं की नव्हतंच, हेही तोच सांगणार. पोलिसांकडची नोंद ही वेगळी गोष्ट, तिने ही उणीव भरून निघत नाही.

घर रिकामं करून घेण्याचा खरा आधार कलम २४. लिव्ह अँड लायसन्सची मुदत ३१ मार्चला संपली आणि माणूस हलला नाही, तर दिवाणी दावा न लावता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. भाडं २०,००० असेल तर १ एप्रिलपासून दरमहा ४०,००० नुकसानभरपाई लागू होते. पण हे मुदत संपल्यावरचं. म्हणून मुदतीची अखेरची तारीख करारात स्पष्ट लिहा. आणि कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं कृपा करून करू नका, त्याने उलट तुम्हीच अडचणीत याल.