फोटो गावाच्या नावाने फोल्डरमध्ये लावावेत का? ऑफलाइन यादीवर किती भरवसा ठेवायचा?

बारव_भटका (परभणी): मराठवाड्यातल्या बारवा आणि जुन्या देवळांचे फोटो गेली काही वर्षं काढतोय. फोटोत अक्षांश-रेखांश आहेत. नेट न वापरता जवळच्या गावाचं नाव शोधून त्या नावाच्या फोल्डरमध्ये फोटो हलवायचे आहेत. चारठाणा, वालूर, औंढा अशी फोल्डरं हवीत. हे करावं की करू नये?

लातूरकर_आयटी: बिनधास्त करा. पायथॉनची `reverse_geocoder` लायब्ररी घ्या. नेट लागत नाही, गावांची यादी तिच्यासोबतच येते. हजारो फोटो काही सेकंदांत होतात. फक्त अंतर हॅव्हरसाइन सूत्रानेच काढा, साधं वजाबाकीचं अंतर धरलं तर गावं चुकतात.

नकाशे_आणि_नोंदी: लायब्ररी चांगली आहे, पण सल्ला अर्धाच बरोबर आहे. आपल्याकडे साधारण २० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०४-१०५ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा ११०-१११. सूत्र साधं वापरलं तरी फरक सहा टक्क्यांचा. त्याने एखाद्या शिवेवरचा फोटो फिरेल, सगळं गणित नाही कोसळणार.

खरी गोम यादीत आहे. ही लायब्ररी जिओनेम्स या जगभरातल्या ठिकाणांच्या मोफत नोंदींतली `cities1000` यादी वापरते, म्हणजे मुख्यतः ज्यांची लोकसंख्या १००० च्या वर नोंदलेली आहे तीच गावं. 'नोंदलेली' हा शब्द महत्त्वाचा. आपल्या कित्येक खेड्यांपुढे जिओनेम्सच्या मूळ नोंदींत लोकसंख्येच्या रकान्यात शून्य आहे. गाव पाच हजारांचं असलं तरी ते गळतं. फोटोतली माहिती वाचणाऱ्या एक्झिफटूलच्या नव्या आवृत्तीत गावाचं नाव शोधायची सोय आहे, तिच्याही यादीत मोठीच गावं आहेत.

वेरूळचंच बघा. कैलास लेणं अंदाजे २०.०२४, ७५.१७९ वर. घृष्णेश्वराचं देऊळ तिथून पश्चिमेला साधारण एक किलोमीटर, वेरूळ गाव त्याच बाजूला. खुलताबाद दक्षिणेला, सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटर. समजा यादीत वेरूळ नाही. मग लेण्याचे सगळे फोटो खुलताबाद फोल्डरमध्ये पडतील, आणि अंतर निघेल दोन-तीन किलोमीटर. आकडा इतका लहान की कुणालाच शंका येणार नाही. म्हणून 'अंतर कमी, म्हणजे नाव बरोबर' हे धरू नका.

उपाय म्हणजे जिओनेम्सची पूर्ण देशाची `IN.zip` फाइल एकदा उतरवून उघडायची आणि तिच्यातल्या `IN.txt` मधून वस्त्या वेगळ्या काढायच्या:

```
awk -F'\t' '$7=="P" && $5>17.5 && $5<20.8 && $6>74.4 && $6<78.5' IN.txt > marathwada.txt
```

चौकोन मुद्दाम मोठा ठेवलाय. पलीकडच्या जिल्ह्यातली आणि तेलंगणातली गावं यादीत नसतील, तर सीमेवरचे फोटो ओढूनताणून आपल्या गावांत बसतील.

जालना_स्टुडिओ: माझा पण हाच प्रॉब्लेम आहे. लग्नाचे फोटो पाहुणे व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्यांची गावं कशी काढायची? यादी मोठी घेतली तर येतील का?

नकाशे_आणि_नोंदी: नाही दादा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

सेलूची_लेक: मी तर म्हणते, फोटो हलवूच नका. आमच्या शाळेच्या उपक्रमात आम्ही असं गावनिहाय लावलं आणि 'वडगाव' या एका फोल्डरमध्ये वेगवेगळ्या तालुक्यांतली वडगावं एकत्र झाली. पिंपळगावचं तसंच. आता कुठली बारव कुठल्या वडगावची, ते एकेक फोटो उघडून बघायलोत. दुसरं म्हणजे नावं बदलतात. २०२३ नंतर अर्ध्या याद्यांत औरंगाबाद, अर्ध्यांत छत्रपती संभाजीनगर. उस्मानाबाद-धाराशिवचंही तेच. एका शहराची दोन फोल्डरं होतात. फोटो तारखेनेच राहू द्या, गावाचं नाव फाइलच्या आत लिहा.

लातूरकर_आयटी: ताई, तारखेच्या फोल्डरात वालूरची बारव शोधून दाखवा बरं! गावातल्या माणसाला पेन ड्राइव्ह दिला तर तो फोल्डरचं नावच वाचतो, फाइलच्या आतलं कोण बघतंय? तालुक्याचं नाव पुढे लावा, वडगावचा प्रश्न मिटला.

नकाशे_आणि_नोंदी: तालुका लावायचाच, पण तो जवळच्या गावावरून नको, तालुक्याच्या हद्दीच्या नकाशावरून काढा. नावबदलाचा त्रास टाळायचा तर जिओनेम्समध्ये प्रत्येक गावाला कायमचा क्रमांक असतो, पहिल्या रकान्यात. नोंद त्या क्रमांकाने ठेवा, फोल्डरचं नाव हवं तेव्हा बदला.

मात्र मोठ्या यादीचाही एक दोष आहे. बऱ्याच जुन्या नोंदी मिनिटापर्यंतच मोजलेल्या आहेत. `19.46667` किंवा `76.58333` असा आकडा दिसला की समजायचं, हे गाव जवळच्या मिनिटावर नेऊन ठेवलंय. एक मिनिट म्हणजे उत्तर-दक्षिण जवळपास १.८५ किलोमीटर, म्हणजे गावाचा ठिपका एक किलोमीटरभर सरकलेला असू शकतो. गोदाकाठी दोन-तीन किलोमीटरवर गाव लागतं, तिथे एवढ्याने शेजारचं गाव जिंकतं. म्हणून पहिल्या दोन जवळच्या गावांची अंतरं काढा. त्यांत एक किलोमीटरहून कमी फरक असेल, तर फोटो 'तपासा' या फोल्डरमध्ये. अर्थात जे गाव यादीतच नाही ते दुसऱ्या नंबरवरही येणार नाही. तिथे तुमची स्वतःची पुरवणी यादीच कामाला येते.

बारव_भटका: मोठ्या यादीने करून बघितलं, बरंच सुधारलं. पण वालूरच्या बारवेचे पहिले काही फोटो सेलूत गेले, पुढचे बरोबर वालूरला. बारव तर जागची हलली नाही!

नकाशे_आणि_नोंदी: फोनने जुनी जागा लिहिली असणार. खिशातून काढून लगेच फोटो घेतला की काही फोन शेवटची माहीत असलेली जागाच टाकतात. हे चालवा:

```
exiftool -n -csv -r -GPSLatitude -GPSLongitude -GPSTimeStamp -DateTimeOriginal photos > gps.csv
```

`GPSTimeStamp` जागतिक वेळेत असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. फोटो ११:४० चा असेल तर तिथे ०६:१० च्या आसपास हवं. ०५:२५ दिसलं तर जागा पाऊण तासापूर्वीची, म्हणजे तुम्ही सेलूत होतात तेव्हाची. काही फोन ही वेळ लिहीतच नाहीत. मग एकाच बारवेचे पुढचे-मागचे फोटो शेजारी लावून बघण्याशिवाय इलाज नाही. ज्या ओळीत अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य असतील ती आधीच बाजूला काढा.

पैठणचा_नाथ: नाथसागरात होडीतून काढलेल्या फोटोंचं काय? आमचे पाण्यातले फोटो पलीकडच्या शेवगाव तालुक्यातल्या गावात जातात. निघालो पैठणहून, जवळचं गाव मात्र समोरच्या काठाचं.

सेलूची_लेक: हेच तर सांगतेय. ज्या फोटोला गावच नाही त्याला गाव कशाला चिकटवायचं? 'नाथसागर' लिहा.

लातूरकर_आयटी: जलाशयाचा नकाशा टाकून पाण्यातले वेगळे करता येतील. पण उन्हाळ्यात पाणी उतरतं, मग काठ कुठला धरायचा?

नकाशे_आणि_नोंदी: पूर्ण भरल्यावरची रेषा धरतात, पण उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळपेरावर उभं राहून काढलेला फोटोही मग पाण्यात दिसेल. याचं पक्कं उत्तर माझ्याकडेही नाही. भटकेभाऊ, सध्या फोटो हलवू नका, प्रती करा. gps.csv मध्ये गावाचा क्रमांक, दोन्ही अंतरं आणि यादी कुठल्या तारखेची तेही लिहून ठेवा. यादी सुधारली की फोल्डरं पुसून पुन्हा बनवता येतील.

बारव_भटका: प्रतीच करतो. फोल्डरं मात्र हवीतच, गावकऱ्यांना द्यायचीत. 'तपासा'मध्ये सगळ्यात जास्त फोटो जिंतूर तालुक्यातले निघालेत. तिथल्या वाड्या-तांड्यांची पुरवणी यादी कुणाकडे असेल तर इथे टाका.